कॉलेजच्या विभागांसाठी सबनेटिंग: एक /22 ब्लॉक सुरुवातीपासून शेवटपर्यंत

कॉम्प्युटर नेटवर्क्सच्या असाइनमेंटमध्ये हा प्रश्न दरवर्षी कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच. एक ॲड्रेस ब्लॉक दिलेला असतो, कॉलेजच्या विभागांची आणि प्रत्येकातल्या संगणकांची यादी असते, आणि ब्लॉक वाया न घालवता सगळ्यांना सबनेट वाटून द्यायचे असतात. उत्तराचा तक्ता बहुतेकांना इकडून तिकडून मिळतो. पण ओरलला ‘हा सबनेट 64 पासूनच का सुरू केलास?’ असं विचारलं की गाडी अडते. म्हणून इथे एकच उदाहरण घेऊन त्याची सगळी आकडेमोड उलगडून दाखवतो.

प्रश्न

एका इंजिनिअरिंग कॉलेजला `172.20.16.0/22` हा ब्लॉक दिला आहे. संगणक विभागात ३०० संगणक आहेत, इलेक्ट्रॉनिक्समध्ये १२०, मेकॅनिकलमध्ये ६२, सिव्हिलमध्ये ५०, ग्रंथालयात २५ आणि कार्यालयात १२. कॉलेजच्या तीन इमारती आहेत आणि प्रत्येकीत एक राउटर आहे. मुख्य इमारतीतला R1 संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्स विभाग सांभाळतो, R2 मेकॅनिकल आणि सिव्हिल, तर R3 ग्रंथालय आणि कार्यालय. R1 पासून R2 ला एक लिंक जाते आणि R3 ला दुसरी. प्रत्येक विभागाला एकच सबनेट द्यायचा आहे.

(खऱ्या कॉलेजात ३०० संगणक असे एकाच सबनेटमध्ये कोंबत नाहीत, प्रत्येक लॅबला वेगळा व्हीलॅन देतात. पण प्रश्नात ‘प्रत्येक विभागाला एक सबनेट’ म्हटलंय, तेव्हा आपण तसंच करायचं.)

आधी हातात किती आहे ते बघा

आयपी ॲड्रेस ३२ बिटांचा असतो. /22 म्हणजे त्यातले पहिले २२ बिट पक्के, त्यांना आपण हात लावायचा नाही. उरले १० बिट, आणि तेवढेच आपले.

```
32 - 22 = 10
2^10 = 1024
```

म्हणजे आपल्याकडे एकूण १०२४ ॲड्रेस आहेत. ते कुठून कुठपर्यंत जातात हे पाहायला तिसरा ऑक्टेट बिटांमध्ये लिहून काढा. पहिल्या दोन ऑक्टेटमध्ये १६ बिट गेले, तेव्हा २२ वा बिट तिसऱ्या ऑक्टेटच्या सहाव्या जागी पडतो. पहिले सहा पक्के, शेवटचे दोन मोकळे.

```
16 = 000100 00
17 = 000100 01
18 = 000100 10
19 = 000100 11
20 = 000101 00
```

16 ते 19 पर्यंत पहिले सहा बिट तेच राहतात, 20 ला ते बदलतात. म्हणून आपला ब्लॉक `172.20.16.0` पासून `172.20.19.255` पर्यंत आहे, त्यापुढे एकही ॲड्रेस आपला नाही. या पाच ओळी वहीत जरूर लिहा. मार्क देणाऱ्याला सीमा तुम्हाला कशी सापडली ते त्यातून दिसतं.

काही वेळा प्रश्नात मुद्दाम `172.20.18.9/22` असा मधलाच ॲड्रेस देतात. तेव्हा थेट 18 पासून वाटायला सुरुवात करू नका. वरच्या मांडणीत 18 सुद्धा 16 च्याच गटात आहे, म्हणजे ब्लॉक तोच, `172.20.16.0/22`.

सारखे तुकडे का चालत नाहीत

आपल्याला सहा विभागांचे सहा आणि दोन लिंकचे दोन, असे आठ सबनेट हवेत. आठ सारखे तुकडे करायचे तर तीन बिट उसने घ्यावे लागतात, कारण २ चा तिसरा घात ८. मग प्रत्येक तुकडा /25 होतो, १२८ ॲड्रेसचा. संगणक विभागाचे ३०० संगणक त्यात मावत नाहीत, आणि दोन टोकांच्या लिंकसाठी मात्र १२८ ॲड्रेस अडकून पडतात. एवढं एका परिच्छेदात लिहिलं की व्हीएलएसएम, म्हणजे प्रत्येक सबनेटला गरजेप्रमाणे वेगळा मास्क, का वापरतोय याचं कारण उत्तरात येतं. ‘व्हीएलएसएम कार्यक्षम आहे’ असं मोघम वाक्य लिहिण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

खरी गरज मोजा

प्रत्येक सबनेटमधले दोन ॲड्रेस कुठल्याही संगणकाला देता येत नाहीत. होस्टचे सगळे बिट शून्य असलेला पहिला ॲड्रेस हे त्या नेटवर्कचं नाव असतं, आणि सगळे बिट एक असलेला शेवटचा ब्रॉडकास्टसाठी राखीव असतो. हे दोन सगळ्यांच्या लक्षात असतात. विसरतो तो तिसरा, गेटवेचा. विभागाला बाहेर पडायला राउटरचा इंटरफेस लागतो, आणि त्या इंटरफेसला त्याच सबनेटमधला एक ॲड्रेस द्यावा लागतो. म्हणून प्रत्येक विभागाच्या संख्येत ३ मिळवायचे आणि मग त्याहून मोठी किंवा तेवढीच असलेली, दोनच्या घातातली सगळ्यात लहान संख्या शोधायची.

```
संगणक         300 + 3 = 303  ->  512 = 2^9   ->  /23
इलेक्ट्रॉनिक्स    120 + 3 = 123  ->  128 = 2^7   ->  /25
मेकॅनिकल        62 + 3 =  65  ->  128 = 2^7   ->  /25
सिव्हिल         50 + 3 =  53  ->   64 = 2^6   ->  /26
ग्रंथालय        25 + 3 =  28  ->   32 = 2^5   ->  /27
कार्यालय        12 + 3 =  15  ->   16 = 2^4   ->  /28
लिंक R1-R2      2 + 2 =   4  ->    4 = 2^2   ->  /30
लिंक R1-R3      2 + 2 =   4  ->    4 = 2^2   ->  /30
```

शेवटचा रकाना ३२ मधून घात वजा करून येतो: 32 - 9 = 23, 32 - 7 = 25 आणि याच पद्धतीने पुढचे. लिंकच्या ओळीत ३ ऐवजी २ च मिळवले, कारण तिथली दोन्ही टोकं म्हणजे राउटरचे इंटरफेसच. वेगळा गेटवे तिथे लागत नाही.

मेकॅनिकलची ओळ नीट पाहा, प्रश्नाची खरी खोच तिथे आहे. ६२ हा आकडा काढणाऱ्याने सहज निवडलेला नसतो. /26 मध्ये ६४ ॲड्रेस, त्यातले दोन गेले की बरोबर ६२ उरतात, त्यामुळे घाईत कुणीही /26 लिहून मोकळा होतो. पण मग राउटरला ॲड्रेस उरत नाही. एकतर एका संगणकाला जागा नाही, नाहीतर अख्ख्या विभागाला बाहेरचा रस्ता नाही. एका ॲड्रेससाठी सबनेट दुप्पट होतो आणि त्यातले ६३ ॲड्रेस रिकामे राहतात. ते खटकतं खरं, पण त्याला इलाज नाही.

काही शिक्षक मात्र ‘६२ होस्ट’ म्हणजे गेटवे धरूनच ६२ असं समजतात, मग /26 बरोबर ठरतो. प्रश्नावरून हे कळत नसेल तर उत्तराच्या वर एक वाक्य लिहा: ‘दिलेल्या संख्येत राउटरचा इंटरफेस धरलेला नाही असे गृहीत धरले आहे.’ हे वाक्य असलं की उत्तर कुठल्या आधारावर तपासायचं ते स्पष्ट होतं. ते नसेल तर तपासणारा स्वतःच्या समजुतीने तपासतो.

तुकडा कुठून सुरू होऊ शकतो

सबनेटिंगमधला एकच नियम पक्का डोक्यात बसवायचा असेल तर तो हा: कोणताही सबनेट आपल्या आकाराच्या पटीतच सुरू होतो. ६४ ॲड्रेसचा सबनेट शेवटच्या ऑक्टेटमध्ये 0, 64, 128 किंवा 192 इथेच सुरू होणार. ३२ चा असेल तर 0, 32, 64, 96 असा. ४० पासून सुरू होणारा ६४ चा सबनेट अस्तित्वातच नसतो.

कारण बिटांमध्येच आहे. ६४ ॲड्रेस म्हणजे होस्टचे सहा बिट, आणि सबनेटच्या पहिल्या ॲड्रेसमध्ये हे सहाही बिट शून्य असायला हवेत. शेवटचे सहा बिट शून्य असलेल्या संख्या म्हणजेच ६४ च्या पटी. 40 लिहून बघा: `00101000`. शेवटच्या सहा बिटांत एक शिल्लक आहे, म्हणजे हा नेटवर्क ॲड्रेस नाही, कुठल्यातरी सबनेटच्या पोटातला साधा होस्ट आहे.

‘मोठा विभाग आधी’ ही सूचना सगळीकडे लिहिलेली असते ती याच नियमामुळे. मोठ्यापासून उतरत्या क्रमाने वाटलं, तर आतापर्यंत वापरलेल्या ॲड्रेसची बेरीज पुढच्या लहान आकाराच्या पटीतच येते. ५१२ नंतर १२८ चा तुकडा घ्यायचा तर ५१२ ला १२८ ने भाग जातोच. त्यामुळे दर वेळी पट तपासत बसावं लागत नाही आणि मध्ये भोकंही राहत नाहीत.

आता वाटणी

संगणक विभाग, ५१२ ॲड्रेस, /23. सुरुवात `172.20.16.0`. एका ऑक्टेटमध्ये २५६ च मावतात, म्हणून हा सबनेट तिसऱ्या ऑक्टेटचे दोन आकडे व्यापतो, 16 आणि 17. शेवट `172.20.17.255`. मास्क काढायची सोपी रीत अशी: ज्या ऑक्टेटमध्ये तुकडा पडतो तिथली उडी २५६ मधून वजा करायची. इथे तिसऱ्या ऑक्टेटमध्ये 2 ची उडी आहे, 256 - 2 = 254, म्हणून मास्क `255.255.254.0`.

या सबनेटमध्ये एक गोष्ट डोळ्यांना चुकीची वाटते आणि तरी बरोबर असते. `172.20.16.255` हा इथे ब्रॉडकास्ट नाही, आणि `172.20.17.0` हा नेटवर्क ॲड्रेस नाही. दोन्ही साधे होस्ट आहेत आणि संगणकांना देता येतात. शेवटी 255 दिसलं की ब्रॉडकास्ट आणि 0 दिसलं की नेटवर्क, ही सवय /24 वर शिकल्यामुळे लागते. /23 चे होस्ट बिट नऊ असतात, त्यातला एक तिसऱ्या ऑक्टेटमध्ये राहतो. `172.20.16.255` मध्ये तो बिट शून्य आहे, म्हणजे सगळे बिट एक झालेले नाहीत. ओरलला हा प्रश्न मी हमखास विचारतो, कारण तक्ता पाठ केलेला कोण आणि समजून केलेला कोण, हे त्यावर लगेच कळतं.

इलेक्ट्रॉनिक्स, १२८ ॲड्रेस, /25. मागचा सबनेट `17.255` ला संपला, पुढचा ॲड्रेस `172.20.18.0`. त्यात 127 मिळवले की शेवट `172.20.18.127`. मास्क 256 - 128 = 128, म्हणजे `255.255.255.128`. शेवट काढताना १२८ नाही, १२७ मिळवायचे, कारण सुरुवातीचा ॲड्रेसही मोजणीत आहे.

मेकॅनिकल, पुन्हा १२८, /25. `172.20.18.128` पासून `172.20.18.255` पर्यंत. मास्क तोच.

सिव्हिल, ६४, /26. आता तिसरा ऑक्टेट 19 वर गेला. `172.20.19.0` ते `172.20.19.63`, मास्क `255.255.255.192`.

ग्रंथालय, ३२, /27. `172.20.19.64` ते `172.20.19.95`, मास्क `255.255.255.224`.

कार्यालय, १६, /28. `172.20.19.96` ते `172.20.19.111`, मास्क `255.255.255.240`.

मग दोन लिंक, प्रत्येकी ४ ॲड्रेस: `172.20.19.112/30` आणि `172.20.19.116/30`, मास्क `255.255.255.252`. पहिल्या लिंकवर R1 ला .113 आणि R2 ला .114. दुसरीवर R1 ला .117 आणि R3 ला .118.

वहीत हे असं मांडा. गेटवे म्हणून प्रत्येक सबनेटचा पहिला होस्ट घेतलाय. शेवटचा घेतला तरी चालतं, पण एकच पद्धत सगळीकडे ठेवा.

```
विभाग         नेटवर्क              गेटवे            शेवटचा होस्ट      ब्रॉडकास्ट
संगणक         172.20.16.0/23     172.20.16.1     172.20.17.254   172.20.17.255
इलेक्ट्रॉनिक्स    172.20.18.0/25     172.20.18.1     172.20.18.126   172.20.18.127
मेकॅनिकल       172.20.18.128/25   172.20.18.129   172.20.18.254   172.20.18.255
सिव्हिल        172.20.19.0/26     172.20.19.1     172.20.19.62    172.20.19.63
ग्रंथालय       172.20.19.64/27    172.20.19.65    172.20.19.94    172.20.19.95
कार्यालय       172.20.19.96/28    172.20.19.97    172.20.19.110   172.20.19.111
लिंक R1-R2    172.20.19.112/30   -               172.20.19.114   172.20.19.115
लिंक R1-R3    172.20.19.116/30   -               172.20.19.118   172.20.19.119
```

पडताळा

पहिला पडताळा बेरजेचा. 512 + 128 + 128 + 64 + 32 + 16 + 4 + 4 = 888. १०२४ मधून ८८८ गेले की १३६ उरतात. आपला शेवटचा वापरलेला ॲड्रेस `19.119` आहे. `19.120` पासून `19.255` पर्यंत मोजले तर 255 - 120 + 1 = 136. दोन्ही आकडे जुळले, म्हणजे मध्ये भोक नाही आणि कुठे दोन सबनेट एकमेकांवर चढलेलेही नाहीत.

दुसरा पडताळा अँडचा. कोणताही एक होस्ट उचला, त्याचा आणि मास्कचा बिटागणिक अँड करा, तक्त्यातला नेटवर्क ॲड्रेस परत यायला हवा. ग्रंथालयातला `172.20.19.75` घेऊ. पहिले तीन ऑक्टेट 255 सोबत जसेच्या तसे राहतात, काम फक्त शेवटच्याचं:

```
 75 = 01001011
224 = 11100000
AND = 01000000 = 64
```

64 आलं, म्हणजे ग्रंथालय. संगणक विभागातला `172.20.17.45` घेतला तर काम तिसऱ्या ऑक्टेटमध्ये पडतं:

```
 17 = 00010001
254 = 11111110
AND = 00010000 = 16
```

नेटवर्क `172.20.16.0`. उत्तरपत्रिकेत असे दोन अँड पुरेत, एक शेवटच्या ऑक्टेटचा आणि एक तिसऱ्याचा. आठही सबनेटचे करून पानं भरू नका.

घरी तपासायला पायथॉन सोयीचं पडतं, त्याच्यासोबतच येणारं `ipaddress` हे मॉड्यूल यासाठीच आहे.

```python
from ipaddress import ip_network
n = ip_network("172.20.18.128/25")
print(n.netmask, n.broadcast_address, n.num_addresses - 2)
```

यातून `255.255.255.128 172.20.18.255 126` असं छापून येईल. याचा खरा फायदा चुकीच्या ठिकाणी होतो. `ip_network("172.20.16.16/27")` असं दिलंत तर ते सरळ नाकारतं आणि `ValueError: 172.20.16.16/27 has host bits set` असं सांगतं. पटीचा जो नियम वर पाहिला, तोच मोडल्याची ही तक्रार आहे.

ही तक्रार येते कुठून

यादीत कार्यालय पहिलं लिहिलेलं असेल आणि कुणी त्याच क्रमाने वाटू लागलं, तर कार्यालयाला `172.20.16.0/28` मिळतो, 0 ते 15. पुढचा मोकळा ॲड्रेस 16, म्हणून ग्रंथालयाला `172.20.16.16/27` लिहिला जातो. कागदावर हे अगदी व्यवस्थित दिसतं. पण 16 ही ३२ ची पट नाही. मास्क लावला की ग्रंथालयाचं नेटवर्क `172.20.16.0` निघतं, 0 ते 31, आणि कार्यालय त्याच्या पोटात जातं.

पॅकेट ट्रेसरमध्ये हे दोन प्रकारे समोर येतं. आपल्या आकृतीसारखे दोन्ही विभाग एकाच राउटरवर असतील, तर दुसऱ्या इंटरफेसला ॲड्रेस देतानाच राउटर अडवतो. `overlaps with GigabitEthernet0/0` अशा शब्दांचा संदेश दिसला की कॉन्फिगरेशनमध्ये चूक शोधू नका, वहीतल्या वाटणीकडे परत जा. दोन विभाग वेगवेगळ्या राउटरवर असतील तर मात्र कुणीच अडवत नाही. आज्ञा निमूट स्वीकारल्या जातात, इंटरफेस हिरवे होतात आणि पिंग तेवढा जात नाही. ग्रंथालयातल्या `172.20.16.20` ला आपल्या मास्कवरून वाटतं की कार्यालयातला `172.20.16.5` आपल्याच नेटवर्कमध्ये आहे. तो पॅकेट गेटवेकडे पाठवतच नाही, आपल्याच लॅनवर एआरपीने 16.5 चा मॅक ॲड्रेस विचारत राहतो. तिथे तो संगणकच नाही, त्यामुळे उत्तर येत नाही. अशा वेळी ग्रंथालयातून स्वतःच्या गेटवेला पिंग जातो, इतर विभागांनाही जाऊ शकतो, नेमक्या एकाच विभागाला जात नाही. हे लक्षण दिसलं की सबनेट एकमेकांवर चढलेत असं समजा.

दुसरा एक संदेश नवख्यांना हमखास भेटतो:

```
R3(config-if)# ip address 172.20.19.64 255.255.255.224
Bad mask /27 for address 172.20.19.64
```

मास्कला दोष दिलेला दिसतो, पण मास्क बरोबर आहे. इंटरफेसला नेटवर्कचाच ॲड्रेस दिला गेला आहे. तिथे .65 लिहिलं की काम होतं.

लहानापासून मोठ्याकडे गेलं तर उत्तर चुकतंच, असं मात्र नाही. पट सांभाळून, मधली जागा सोडत गेलं तर तेही बसतं. कार्यालय `16.0/28`, ग्रंथालय `16.32/27`, सिव्हिल `16.64/26`, मेकॅनिकल `16.128/25`, इलेक्ट्रॉनिक्स `17.0/25`, आणि संगणक विभाग `18.0/23`. मध्ये `16.16` ते `16.31` ही जागा सुटते, तिथे दोन्ही लिंक बसतात. हे उत्तर आपल्यापेक्षा वेगळं आणि तरी पूर्ण बरोबर आहे. तेव्हा शेजाऱ्याचा तक्ता जुळला नाही म्हणून आपला खोडू नका. त्याचा प्रत्येक सबनेट आपल्या आकाराच्या पटीत सुरू होतो का, आणि कोणी कोणावर चढतंय का, एवढंच तपासा.

जुन्या पुस्तकांतले दोन वाद

काही जुन्या पुस्तकांत सबनेटच्या संख्येतूनही दोन वजा करतात, म्हणजे पहिला आणि शेवटचा सबनेट वापरायचाच नाही. १९८५ च्या RFC 950 च्या काळातली ही रीत आहे. तेव्हाच्या राउटिंग प्रोटोकॉलमध्ये ॲड्रेससोबत मास्क जात नसे, त्यामुळे पहिला सबनेट आणि अख्खं नेटवर्क यांत फरक करता येत नसे. १९९५ च्या RFC 1878 ने ही रीत कालबाह्य ठरवली, आणि सिस्कोच्या राउटरमध्ये IOS 12.0 पासून `ip subnet-zero` आपोआप चालू असतं. तेव्हा आपण संगणक विभागाला पहिलाच तुकडा दिला त्यात काही गैर नाही. होस्टमधून दोन वजा करणं मात्र कायम आहे. या दोन वजाबाक्यांची गल्लत करू नका.

दुसरा वाद लिंकचा. दोनच टोकं असलेल्या लिंकला /31 देता येतो, २००० च्या RFC 3021 पासून त्याला मान्यता आहे, आणि मग चारऐवजी दोनच ॲड्रेस लागतात. प्रश्नात /31 चा उल्लेख असेल तर जरूर वापरा. नसेल तर /30 च ठेवा. अभ्यासक्रमातलं सूत्र `2^h - 2` आहे, आणि /31 त्यात बसवायला गेलं तर होस्ट शून्य येतात.

उरलेल्या १३६ ॲड्रेसचं काय

असाइनमेंटच्या शेवटी बहुधा एक पुरवणी प्रश्न असतो: नवीन विभाग आला, ६० संगणक, त्याला कुठे बसवाल? गरज 60 + 3 = 63, म्हणजे ६४, /26. पुढचा मोकळा ॲड्रेस `19.120` आहे, पण 120 ही ६४ ची पट नाही. त्यानंतरची पहिली पट 128. म्हणून उत्तर `172.20.19.128/26`, 128 ते 191. `19.120` ते `19.127` हे आठ ॲड्रेस मोकळे राहतात, आणखी दोन लिंक लागल्या तर त्यात बरोबर मावतील.

याहून अवघड पुरवणी अशी: ग्रंथालयात संगणक २५ वरून ४० झाले. आता 43 लागतात, म्हणजे /27 पुरत नाही, /26 हवा. मास्क बदलून `19.64/26` करावं हा पहिला विचार येतो, आणि 64 ही ६४ ची पट असल्यामुळे पायथॉनही त्याला नाकारत नाही. पण तो सबनेट 64 ते 127 असा पसरतो, आणि त्यात कार्यालय आणि दोन्ही लिंक येतात. पट बरोबर असूनही जागा मोकळी नाही. हे विचारून बघता येतं:

```python
a = ip_network("172.20.19.64/26")
b = ip_network("172.20.19.96/28")
print(a.overlaps(b))
```

उत्तर `True`. तेव्हा ग्रंथालयाला जागच्या जागी वाढवता येत नाही, त्याला हलवावं लागतं. वरचा नवा विभाग 128 वर बसला असेल तर ग्रंथालय `172.20.19.192/26` वर जाईल, 192 ते 255, गेटवे `172.20.19.193`. जुना `19.64/27` मोकळा होईल, आणि R3 च्या इंटरफेसचा ॲड्रेस, ग्रंथालयातल्या प्रत्येक संगणकाचा ॲड्रेस, मास्क आणि गेटवे, शिवाय R1 आणि R2 वर ग्रंथालयाकडे जाणारे स्टॅटिक रूट असतील तर तेही बदलावे लागतील. उत्तरात ही बदलांची यादीही लिहा, नुसता नवा ॲड्रेस लिहून थांबू नका.